ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला पाठवायचा एक मेल: विमा कधीपासून, पीएफ किती, ग्रॅच्युइटी कशी

गेल्या जूनमध्ये माझ्या भाचीचा फोन आला. नाशिकची पहिली नोकरी दोन वर्षं करून तिला पुण्यात दुसरी मिळाली होती. वर्षाला सहा लाखांचं पॅकेज होतं. ऑफर लेटर मेलवर आलं होतं आणि सोमवारपर्यंत ‘ॲक्सेप्ट’ करायचं होतं. "मामा, सगळं ठीक वाटतंय ना?" एवढाच तिचा प्रश्न होता.

मी चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत चौदा वर्षं पगारपत्रकं केली आहेत. त्यामुळे ऑफर लेटर हातात आलं की मी आधी शेवटचं पान उघडतो. पगाराची फोड तिथे असते. तिच्या फोडीत तळाशी तीन ओळी होत्या: ग्रुप मेडिक्लेम 8,000, एम्प्लॉयर पीएफ 36,000, ग्रॅच्युइटी 14,423. तिन्ही मिळून वर्षाचे 58,423 रुपये. पॅकेजचा जवळजवळ दहावा हिस्सा, आणि त्यातला एक रुपयाही दर महिन्याच्या पगारात दिसणार नव्हता. विमा कोणत्या तारखेपासून, पीएफ कोणत्या रकमेवर, ग्रॅच्युइटी कोणत्या अटीवर, याबद्दल लेटरमध्ये एकच वाक्य होतं: ‘कंपनीच्या धोरणाप्रमाणे लागू’. तिने फोनवर विचारलं होतं. रिक्रूटर म्हणाला, "हो हो, सगळं डे वनपासून."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत असतं. पण विम्याची यादी पाठवणारा माणूस वेगळा असतो, पीएफचं चलन भरणारा वेगळा, आणि ग्रॅच्युइटीचा हिशोब पाच वर्षांनी तिसराच कोणीतरी करतो. रिक्रूटरचं फोनवरचं ‘हो’ यांच्यापैकी कोणाच्याही फाइलला लागलेलं नसतं. म्हणून हे प्रश्न लेखी विचारायचे, आणि ऑफर हातात आल्यापासून ‘स्वीकारली’ म्हणेपर्यंतच्या तीन-चार दिवसांत विचारायचे. त्या दिवसांत एचआरला तुमचा होकार हवा असतो, त्यामुळे उत्तर लवकर येतं. रुजू झाल्यावर तोच मेल हेल्पडेस्कच्या रांगेत जाऊन बसतो.

मेल लिहिण्याआधी हाताशी ठेवायच्या गोष्टी

पगाराची पूर्ण फोड पाहिजे, नुसता वर्षाचा आकडा पुरत नाही. ती आली नसेल तर पहिला मेल तीच मागणारा करा. दुसरं म्हणजे जुन्या नोकरीतला शेवटचा दिवस आणि नव्या नोकरीतला पहिला दिवस, दोन्ही तारखा कागदावर एकमेकींखाली लिहा. तिसरं, तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा बारा आकडी क्रमांक, आहे का ते बघा. पहिलीच नोकरी असेल तर नसेल. पण कॉलेजनंतर चार महिने कुठे काम केलं असेल आणि तिथे पीएफ कापला असेल, तर तो असतो आणि पुढच्या हिशोबात त्याने फरक पडतो.

भाचीच्या तारखा अशा होत्या: जुन्या ठिकाणी शेवटचा दिवस 30 जून, नव्या ठिकाणी पहिला 13 जुलै.

आधी विमा, कारण त्याला थांबायला वेळ नसतो

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. म्हणजे 1 जुलै ते 12 जुलै भाचीला कोणाचंच कव्हर नव्हतं. हे बारा दिवस कोणी मोजत नाही, कारण मधली सुट्टी म्हणजे घरी जायचे दिवस. आणि 13 जुलैला रुजू झाल्यावर तरी कव्हर सुरू होणार का, हा पुढचा प्रश्न.

आतलं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे काय विचारायचं ते आपोआप कळेल. कंपनी वर्षाची एक पॉलिसी घेते. त्यानंतर रुजू होणाऱ्यांची नावं एचआर एका एक्सेल शीटमध्ये भरून विमा कंपनीकडे पाठवतं, बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा. विमा कंपनी ती नावं पॉलिसीला जोडते. त्या जोडणीला एंडोर्समेंट म्हणतात. कंपनीने विमा कंपनीकडे आगाऊ ठेवलेल्या रकमेतून नव्या नावांचा हप्ता वळता होतो. ती रक्कम संपली असेल तर नावं अडकून पडतात. एंडोर्समेंट झाल्यावर टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, ई-कार्ड येतं आणि त्यानंतरच हॉस्पिटलात कॅशलेस चालतं. रुजू झाल्यापासून कार्ड येईपर्यंत तीन-चार आठवडे सहज जातात.

खरा प्रश्न असा की कार्ड उशिरा आलं तरी कव्हर मागच्या तारखेपासून, म्हणजे रुजू झाल्याच्या दिवसापासून, धरलं जातं का? की एंडोर्समेंटच्या तारखेपासून? दोन्ही प्रकारच्या पॉलिसी बाजारात आहेत, आणि दोन्ही ठिकाणचा रिक्रूटर फोनवर ‘डे वन’च म्हणतो.

आमच्या कंपनीत क्वालिटीमधला एक मुलगा 3 तारखेला रुजू झाला आणि 16 तारखेला रात्री अपेंडिक्सचं दुखणं उठलं. त्या महिन्याची शीट अजून गेलीच नव्हती. त्याच्या भावाने हॉस्पिटलच्या काउंटरवरून मला फोन केला, पलीकडून बाई विचारत होती, "कार्ड नंबर सांगा." कार्ड नव्हतं. त्यांनी पैसे भरले, मूळ बिलं, डिस्चार्ज समरी आणि तपासण्यांचे रिपोर्ट जपून ठेवले. आमच्या पॉलिसीत कव्हर रुजू तारखेपासून होतं आणि शीट त्याच महिन्यात गेली, त्यामुळे पुढे रिइम्बर्समेंटमध्ये क्लेम मंजूर झाला. त्याआधी मी जिथे काम करत होतो तिथे असाच एक क्लेम नाकारला गेला होता, कारण तिथे कव्हर एंडोर्समेंटच्या तारखेपासून होतं आणि ॲडमिशन त्याच्या चार दिवस आधीची होती. त्या माणसाने बिलाचे पैसे बहिणीकडून उसने घेतले होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला हा एकच प्रश्न अगदी याच शब्दांत विचारायला सांगतो.

आणखी दोन पद्धती दिसतात. काही ठिकाणी कव्हर पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून असतं, काही ठिकाणी प्रोबेशन संपल्यावर. प्रोबेशन सहा महिन्यांचं असेल तर सहा महिने तुम्ही विम्याविना आहात, आणि हप्त्याचे 8,000 मात्र पॅकेजमध्ये पूर्ण वर्षाचे धरलेले आहेत. यात बेकायदेशीर काही नाही, ग्रुप मेडिक्लेम ही कंपनीने दिलेली सोय आहे. पण सही करण्याआधी हे कळायला हवं.

पगार कमी असेल तर गोष्ट वेगळी. महिन्याचं वेतन 21,000 पर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येत असेल, तर कायद्याने ईएसआय लागू होतो. तुमच्या वेतनातून 0.75 टक्के जातात, मालक 3.25 टक्के भरतो. त्यातला वैद्यकीय उपचाराचा हक्क नोकरीत आल्यापासून मिळतो. अशा वेळी मेलमध्ये मेडिक्लेमऐवजी ‘ईएसआय नोंदणी कोणत्या तारखेला होईल आणि आयपी नंबर, म्हणजे विमाधारकाचा क्रमांक, कधी मिळेल’ असं विचारा.

कुटुंबाबद्दल दोनच गोष्टी. आई-वडील यात आहेत का, आणि असतील तर हप्ता कोण भरतो? बऱ्याच ठिकाणी पालकांचं कव्हर ऐच्छिक असतं आणि हप्ता तुमच्या पगारातून जातो. दुसरं, नावं द्यायची मुदत किती दिवसांची? ही खिडकी 15 किंवा 30 दिवसांची असते आणि ती चुकली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत आई-वडिलांचं नाव चढत नाही. नवीन माणूस पहिल्या महिन्यात ट्रेनिंगमध्ये गुंतलेला असतो आणि तो मेल न उघडताच मुदत जाते. मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की आमच्याकडे मी अशांना जागेवर जाऊन सांगायचो.

मधल्या बारा दिवसांचं काय करायचं? घाईने वैयक्तिक पॉलिसी काढून उपयोग नाही, कारण तिच्यात पहिले 30 दिवस अपघात सोडून आजारांना कव्हर नसतं. सोपा उपाय म्हणजे तारखा जवळ आणणं: जुन्या ठिकाणचा शेवटचा दिवस पुढे ढकला किंवा नव्या ठिकाणी लवकर रुजू व्हा. आधीपासून स्वतःची एखादी छोटी पॉलिसी असेल तर मग प्रश्नच नाही.

पीएफ: कोणत्या रकमेवर आणि कोणाचा हिस्सा किती

वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. तुमचे मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर 12 टक्के, मालकाचेही 12 टक्के. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते पुढे.

कायद्यातली वेतनमर्यादा सप्टेंबर 2014 पासून महिना 15,000 रुपये आहे. तुमचं मूळ वेतन 25,000 असलं तरी कंपनी 15,000 वर 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपयेच भरू शकते. ते कायद्यात बसतं. दुसरी कंपनी पूर्ण 25,000 वर, म्हणजे 3,000 भरते. तिसरीकडे तुमचे 3,000 कापले जातात आणि मालकाचे मात्र 1,800 जातात. म्हणून ‘पीएफ आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘दोन्ही हिस्से किती रुपये’ असं विचारायचं.

भाचीचा हिशोब करून पाहू. मूळ वेतन महिना 25,000. मालकाचा हिस्सा 3,000 धरला तर पॅकेजमधून विमा, पीएफ, ग्रॅच्युइटीचे 58,423 वजा होऊन महिन्याचा ग्रॉस 45,131 येतो. त्यातून तिचे पीएफचे 3,000 आणि व्यवसाय कराचे 200 गेले की हातात 41,931. मालकाचा आणि तिचा हिस्सा 1,800 वर आणला तर ग्रॉस 46,331 होतो आणि हातात 44,331 येतात. दरमहा 2,400 चा फरक, आणि तेवढेच 2,400 तिच्या खात्यात कमी जातात. पॅकेज तेच राहतं, पैसे फक्त इकडचे तिकडे होतात. घरभाडं काढायचं आहे की पाच वर्षांनी घराचं डाऊन पेमेंट करायचं आहे, यावर कोणतं बरं ते ठरतं. मात्र काही कंपन्यांत मालकाचा पीएफ पॅकेजच्या बाहेर, ग्रॉसच्या वर दिलेला असतो. तिथे 1,800 म्हणजे दरमहा 1,200 चा सरळ तोटा, कारण वाचलेले पैसे तुमच्या पगारात येत नाहीत. त्यामुळे ‘मालकाचा हिस्सा सीटीसीत धरला आहे की वर आहे’ हेही विचारून घ्या.

मालकाच्या हिश्श्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो. भाची आधीच्या नोकरीपासून पेन्शनची सभासद होती, त्यामुळे 15,000 वर 8.33 टक्के, म्हणजे 1,250 रुपये, तिकडे वळणार आणि 3,000 पैकी उरलेले 1,750 पीएफमध्ये. 1,800 च भरले तर पीएफमध्ये मालकाचे फक्त 550 उरतात. हे आधी माहीत नसलं की लोक पासबुक बघून घाबरतात आणि कंपनीने पैसे खाल्ले असं समजतात.

ज्यांची पहिलीच नोकरी आहे आणि मूळ वेतन 15,000 च्या वर आहे, त्यांना रुजू होताना पीएफचा फॉर्म 11 भरताना काळजी घ्यायला हवी. अशा माणसाला पीएफमधून बाहेर राहता येतं, आणि काही ठिकाणी एचआर न विचारताच ‘सभासद नाही’ वर खूण करून सहीला फॉर्म पुढे करतं. हातात जास्त पैसे येतात, पण मालकाचा हिस्सा कुठे गेला ते विचारा. तो ग्रॉसमध्ये मिळवला असेल तर ठीक, नाहीतर तो गेलाच. आत आलात तर तुमच्या बाबतीत मालकाचा पूर्ण हिस्सा पीएफमध्ये जातो, कारण 2014 नंतर इतक्या वेतनावर पहिल्यांदा येणाऱ्याला पेन्शन योजना नाही. आणि एकदा सभासद झालेल्याला, जुनं खातं चालू असताना, पुढच्या नोकरीत बाहेर राहता येत नाही. चार महिन्यांची ती जुनी नोकरी इथे आडवी येते, म्हणून यूएएन आधी शोधायला सांगितलं.

आणखी एक वाक्य ऐकू येतं: "पीएफ प्रोबेशननंतर सुरू होतो." पीएफ लागू असलेल्या कर्मचाऱ्याला तो पहिल्या दिवसापासून लागू असतो, प्रोबेशनचा त्याच्याशी संबंध नाही. ॲप्रेंटिस कायद्याखालचे शिकाऊ उमेदवार यातून वगळलेले आहेत. त्यामुळे असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचारा: "मग त्या सहा महिन्यांत मी कर्मचारी आहे की ॲप्रेंटिस?" याचं उत्तर ग्रॅच्युइटीलाही लागतं.

कंपनी पीएफ खरंच भरते का, हे रुजू होण्याआधी घरबसल्या पाहता येतं. ईपीएफओच्या संकेतस्थळावर `Establishment Search` मध्ये कंपनीचं नाव टाका आणि `View Payment Details` उघडा. कोणत्या महिन्याचे पैसे कधी भरले आणि किती माणसांचे भरले ते दिसतं. दर महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत जायला हवेत. दोनशे माणसं आहेत म्हणून सांगणाऱ्या कंपनीने चाळीस जणांचे भरलेले दिसले, तर बाकीचे कंत्राटदाराच्या पटावर किंवा ‘कन्सल्टंट’ म्हणून असण्याची शक्यता मोठी. तुम्ही त्यांच्यापैकी कोण असणार, तेही मग मेलमध्ये विचारा.

ग्रॅच्युइटी: पॅकेजमध्ये दिसते, पण मिळेलच असं नाही

ग्रॅच्युइटीचं सूत्र साधं आहे. शेवटच्या महिन्याचं वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले पूर्ण वर्षं. 25,000 वर एका वर्षाची 14,423 होते, भाचीच्या लेटरमधला आकडा तोच. पाच वर्षांनी, वेतन तेवढंच राहिलं असं धरलं तरी, 72,115. पण कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाल्याशिवाय ती मिळत नाही. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ही अट नसते. चार वर्षांनी नोकरी सोडली तर चार वर्षं पॅकेजमध्ये मिरवलेले 57,692 रुपये तुम्ही कधीच पाहणार नाही. म्हणून दोन ऑफरची तुलना करताना मी ग्रॅच्युइटीची ओळ बाजूला काढून उरलेले आकडे समोरासमोर ठेवतो. एका कंपनीने ती सीटीसीत धरलेली असते, दुसरीने नसते, आणि सहा लाख विरुद्ध पाच लाख नव्वद हजार यात मोठा आकडा कमी पगाराचा निघू शकतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्यात नव्या माणसाने विचारण्याजोग्या दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना पाच वर्षांची अट राहिली नाही. त्यांना एका वर्षानंतर केलेल्या काळाच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. म्हणून ‘माझी नेमणूक कायम स्वरूपाची की ठरावीक मुदतीची, आणि मुदतीची असेल तर ग्रॅच्युइटी प्रमाणात मिळेल का’ हे स्पष्ट विचारा. दुसरी गोष्ट वेतनाच्या व्याख्येची. घरभाडं, प्रवास वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. एकूण 45,000 पैकी मूळ वेतन 15,000 च दाखवलं असेल, तरी ग्रॅच्युइटी साधारण 22,500 वर मोजायला हवी. वर्षाला 8,654 च्या जागी 12,981. फोडीत जुन्या पद्धतीने मूळ वेतनावरचाच आकडा असेल तर ‘हा कोणत्या वेतनावर काढला’ एवढं विचारलं तरी पुरे.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती सेवेच्या पहिल्या तारखेवर. सहा महिने ट्रेनी, मग प्रोबेशन, मग कन्फर्मेशन, असं असेल तर ग्रॅच्युइटीसाठी कोणता दिवस धरणार? प्रोबेशनचा काळ सेवेत मोजला जातो. ट्रेनिंगचा काळ ॲप्रेंटिस कायद्याखालचा असेल तर मोजला जात नाही. काही ठिकाणी आधी स्टाफिंग एजन्सीच्या पटावर घेतात आणि वर्षाने ‘कंपनी रोलवर’ आणतात. तेव्हा एजन्सीकडचं वर्ष नव्या कंपनीच्या सेवेत धरलं जाईलच असं नाही. टेबल तेच, साहेब तोच, पण कागदावर मालक बदललेला असतो. समूहातल्या एका कंपनीतून दुसरीत बदली झाली की राजीनामा देऊन नवं नेमणूकपत्र घ्यायला लावतात, तिथेही हेच होतं. सेवा सलग धरली जाईल हे वाक्य बदलीच्या पत्रात यायला हवं.

चार वर्षं आणि 240 दिवस झाले की पाच वर्षं धरावीत, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आहे. पण सगळ्या कंपन्या ते आपणहून पाळत नाहीत. पहिल्या मेलमध्ये हा मुद्दा काढू नका, रुजू होण्याआधीच सोडायचा विचार दिसतो. मात्र पुढे साडेचार वर्षांच्या सुमारास राजीनामा द्यायची वेळ आली तर लक्षात असू द्या.

मेल

लहान असावा, प्रश्नांना क्रमांक असावेत आणि प्रत्येकाचं उत्तर तारखेत किंवा रुपयांत देता यावं. ऑफरच्या मेललाच ‘रिप्लाय’ करा, म्हणजे लेटर आणि उत्तर एका धाग्यात राहतात. स्वतःच्या वैयक्तिक मेलवरून पाठवा. तुमच्या कंपनीत इंग्रजी चालत असेल तर हाच मजकूर इंग्रजीत लिहा. भाचीने पाठवलेला असा होता:

> नमस्कार,
>
> ऑफरबद्दल आभार. मला रुजू व्हायचं आहे. स्वीकृती पाठवण्याआधी पुढील बाबी लेखी कळवाव्यात ही विनंती.
>
> 1. ग्रुप मेडिक्लेमचं कव्हर रुजू तारखेपासून सुरू होतं की नाव पॉलिसीला जोडल्याच्या तारखेपासून? ई-कार्ड येण्याआधी ॲडमिट व्हावं लागलं तर रिइम्बर्समेंट मिळते का?
> 2. आई-वडिलांची नावं देण्याची मुदत किती दिवस आणि त्यांचा हप्ता किती?
> 3. पीएफमध्ये माझा आणि कंपनीचा हिस्सा दरमहा किती रुपये? मी आधीपासून सभासद असून यूएएन चालू आहे.
> 4. ग्रॅच्युइटी कोणत्या वेतनावर मोजली आहे? सहा महिन्यांचा ट्रेनिंगचा काळ सेवेत धरला जातो का?
> 5. माझी नेमणूक कंपनीच्या पटावर आहे का, आणि ती कायम स्वरूपाची आहे का?
>
> उत्तर मिळताच स्वीकृती पाठवते.

‘मला रुजू व्हायचं आहे’ हे वाक्य पहिल्याच ओळीत असू द्या. त्याने एचआरला कळतं की ही घासाघीस नाही. असा मेल पाठवल्यामुळे कोणाची ऑफर गेलेली मी चौदा वर्षांत पाहिली नाही. उत्तर मात्र कधी कधी पाच दिवस येत नाही. तेव्हा स्वीकृतीची मुदत वाढवून मागा, तीही लेखीच.

आलेलं उत्तर कसं वाचायचं

‘ॲज पर पॉलिसी’ किंवा ‘ॲज पर ॲक्ट’ हे उत्तर नाही. परत एकदाच, नम्रपणे लिहा: "धोरणाप्रमाणे माझ्या बाबतीत तारीख आणि रक्कम कोणती येते ते कळवाल का?" फोन आला तर ऐकून घ्या आणि त्याच संध्याकाळी मेल करा: "आज बोलणं झाल्याप्रमाणे कव्हर 13 जुलैपासून आहे असं मी समजते, चूक असल्यास कळवावं." उत्तर आलं नाही तरी तुमच्याकडे दिवस आणि मजकूर राहतो.

या मेलचीही मर्यादा आहे. पॉलिसी दर वर्षी नवी होते आणि कंपनी तिच्या अटी बदलू शकते. बऱ्याच नेमणूकपत्रांत ‘याआधीचा सर्व पत्रव्यवहार या पत्राने रद्द’ असं कलमही असतं. म्हणून ट्रेनिंगचा काळ सेवेत धरणं आणि पीएफची रक्कम या दोन गोष्टी नेमणूकपत्रात किंवा त्याच्या जोडपत्रात घालून मागा. विम्याबद्दल मात्र मेल पुरतो. पहिल्या तीन-चार महिन्यांत क्लेम अडला तर एचआरला विमा कंपनीशी भांडायला तोच कागद लागतो.

भाचीला दोन दिवसांनी उत्तर आलं. कव्हर रुजू तारखेपासून, कार्ड साधारण तीन आठवड्यांत, त्याआधी रिइम्बर्समेंट. आई-वडिलांची नावं 30 दिवसांत. पीएफ पूर्ण मूळ वेतनावर धरलेला आहे, हवं तर रुजू होताना 1,800 निवडता येईल. ट्रेनिंगचा काळ सेवेत धरला जाईल. मधल्या बारा दिवसांबद्दल तिने वेगळं विचारलं तेव्हा त्यांनी रुजू होण्याची तारीख 1 जुलै करून दिली.

रुजू झाल्यावर तिने दोनच गोष्टी तपासल्या. ई-कार्ड 24 जुलैला आलं. मी तिला कार्ड आलं त्या दिवसाकडे न बघता कार्डावरची कव्हरची तारीख वाचायला सांगितली, ती 1 जुलै होती. ऑगस्टच्या शेवटी तिने पीएफचं पासबुक उघडून मला स्क्रीनशॉट पाठवला. जुलैच्या ओळीत तीन आकडे होते: 3,000, 1,750 आणि 1,250.